लीड्सचा पाईप आणि पेणकरपाड्यातला शाईचा ठिपका

पेणकरपाड्यात आमच्याच मजल्यावर राहणारी अकरावीतली मुलगी एका संध्याकाळी क्लासमध्ये मिळालेल्या स्लाइड्सची छापील पानं घेऊन आली. विषय क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मराठीत वर्णलेखन. एका पानावर गाळणकागदाची उभी पट्टी, तिच्यावर तीन रंगांचे ठिपके आणि खाली सूत्र होतं : आरएफ म्हणजे ठिपक्याने कापलेलं अंतर भागिले द्रावकाने कापलेलं अंतर. त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'निळी शाई : ०.६५'. पुढच्या पानावर यंत्रातून निघालेला डोंगरांसारखा आलेख आणि 'रिटेन्शन टाइम जास्त म्हणजे पदार्थ जास्त अडकला' हे वाक्य.

"काका, हा ०.६५ पाठ करायचा का? आणि कागदावर आकडा मोठा म्हणजे रंग जास्त पळाला, पण इथे आकडा मोठा म्हणजे जास्त अडकला. हे उलटं कसं?"

तिचे दोन्ही प्रश्न बरोबर होते. ते आकडे कुठून आले, कोणाला कशासाठी लागले, हे स्लाइडवर कुठेच नव्हतं. ती गोष्ट कळली की पाठ करण्यासारखं फार थोडं उरतं, म्हणून मी तिला गोष्टच सांगितली.

मिश्रण वेगळं करण्याची एक जुनी रीत आमच्या मीरा-भाईंदरच्या मातीतलीच आहे. मिठागरात खाडीचं पाणी घेतात, ते उन्हात आटतं आणि मीठ मागे राहतं. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. दोघांच्या स्वभावात एवढा मोठा फरक असल्यामुळे ऊनच सगळं काम करतं. पण स्वभाव जवळजवळ सारखा असलेले दोन पदार्थ एकत्र आले तर? शाईतले दोन रंग आटवून वेगळे होत नाहीत, गाळूनही होत नाहीत. तिथे तो बारीक फरक पुन्हा पुन्हा वापरून मोठा करावा लागतो. वर्णलेखनाचा सगळा इतिहास म्हणजे हा फरक मोठा करण्याची युक्ती सापडण्याचा इतिहास आहे.

कागदावर रंग पसरताना वेगळे होतात हे फ्रीडलीब फर्डिनांड रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच पाहिलं होतं. डांबरातून ॲनिलीन ओळखणारा, रंगांच्या रसायनात बुडालेला हा माणूस. टिपकागदावर एकावर एक क्षारांचे थेंब टाकून त्याने फुलांसारखी रंगीत वलयं काढली आणि १८५० च्या दशकात त्यांची पुस्तकंच काढली. त्यांत छापील चित्रं नव्हती, खरे डाग पडलेले कागद चिकटवलेले होते. ती वलयं पदार्थांमधल्या कुठल्याशा घडवणाऱ्या प्रेरणेतून उमटतात असं रुंगेला वाटलं. डोळ्यांसमोर अलगीकरण होत होतं, पण त्याची नजर आकृतीवर खिळलेली होती. कोणता रंग किती दूर गेला हे त्याने मोजलं नाही.

अलगीकरणासाठीच ही युक्ती वापरली ती मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने. काचेच्या नळीत खडूची बारीक पूड दाबून भरायची, वर पानांचा हिरवा अर्क ओतायचा आणि मागून स्वच्छ द्रावक सोडत राहायचं. अर्क खाली उतरताना हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांत फुटतो. १९०३ मध्ये त्याने वॉर्सात हे काम मांडलं आणि १९०६ च्या लेखांत क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. ग्रीक शब्दांवरून ते 'रंगांचं लेखन' असं होतं. त्याच्या स्वतःच्या आडनावाचा रशियन अर्थही रंगच. पण त्या काळच्या वजनदार रसायनशास्त्रज्ञांचा या पद्धतीवर विश्वास बसला नाही. नळीतून जाताना नाजूक हरितद्रव्य बदलतच असणार, अशी शंका होती. त्स्वेत १९१९ मध्ये वारला आणि १९३१ मध्ये हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेने गाजरातल्या रंगद्रव्यांसाठी ही नळी पुन्हा हातात घेईपर्यंत ती अडगळीतच राहिली.

खरं वळण आलं ते लोकरीमुळे. लोकर म्हणजे प्रथिन, आणि प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. माळेत कोणते मणी किती, हे कळल्याशिवाय लोकर अशी का वागते हे सांगता येत नव्हतं. अडचण अशी की हे मणी एकमेकांचे जुळे भाऊ वाटावेत इतके सारखे, आणि रंगहीन. १९३० च्या दशकाच्या शेवटी लोकर उद्योगाच्या शिष्यवृत्तीवर केंब्रिजमध्ये रिचर्ड सिंज हा तरुण या कामाला लागला. त्याची गाठ आर्चर मार्टिनशी पडली. हा मार्टिन शाळेत असताना कॉफीचे रिकामे डबे एकावर एक डाग देऊन जोडायचा, त्यांत कोळशाचे तुकडे भरायचा आणि घराच्या तळघरात ऊर्ध्वपातनाचा स्तंभ उभा करायचा. पदार्थ वेगळे करण्याचं वेड त्याला लहानपणापासूनचं होतं.

मार्टिन १९३८ मध्ये लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेत गेला, पुढे सिंजही तिथे आला. त्यांनी आधी एक अवघड यंत्र बांधलं. पाणी आणि क्लोरोफॉर्म ही एकमेकांत न मिसळणारी द्रवं विरुद्ध दिशांनी वाहायची आणि अमिनो आम्लांचे रेणू दोघांत वाटले जायचे. कोणाला पाणी जास्त आवडतं, कोणाला क्लोरोफॉर्म. त्या आवडीतल्या फरकावर अलगीकरण. यंत्र चालायचं, पण सतत लक्ष द्यावं लागायचं. दोघे आळीपाळीने पहारा करायचे आणि खोलीत क्लोरोफॉर्मची वाफ भरलेली असायची, म्हणजे पहारेकऱ्यालाच गुंगी.

मग मार्टिनच्या लक्षात आलं की दोन्ही द्रवं हलवण्याची गरजच नाही. एकाला जागेवर धरून ठेवा आणि दुसरं त्याच्यावरून वाहू द्या. सिलिका जेल या भुकटीत पाणी जिरवलं की ती कोरडीच दिसते आणि पाणी तिच्यात घट्ट बसतं. अशी भुकटी नळीत भरून वरून क्लोरोफॉर्म सोडला. पट्टे दिसावेत म्हणून भुकटीत मिथिल ऑरेंज मिसळलं. आम्ल जिथे पोचेल तिथे रंग बदलायचा. १९४१ मध्ये हा लेख प्रसिद्ध झाला. या पूर्ण गोष्टीतला सर्वांत मोठा क्षण मला हाच वाटतो, कारण पुढचं सगळं 'एक थांबलेला आणि एक वाहणारा' या कल्पनेतूनच निघालं.

ते आमच्या शेजारणीला समजावताना मी पश्चिम रेल्वेची मदत घेतली. मीरा रोडला एकाच गाडीत शंभर माणसं चढली असं समजू. गाडीत असेपर्यंत सगळ्यांचा वेग एकच. पण काही जण प्रत्येक स्टेशनवर उतरून थोडा वेळ फलाटावर बसतात आणि मागून येणारी गाडी पकडतात. तासाभराने कोण कुठे पोचलं हे कशावर ठरेल? पायांच्या जोरावर नक्कीच नाही. फलाटावर किती वेळ काढला यावर ठरेल. वाहणारं द्रव म्हणजे गाडी, थांबलेला भाग म्हणजे फलाट. रंगाचा रेणू स्वतः पळत नाही. तो गाडीत असतो किंवा फलाटावर असतो, एवढंच.

सिलिकाच्या नळीत अमिनो आम्लं जशीच्या तशी नीट वेगळी होत नव्हती. आधी त्यांच्यावर रासायनिक प्रक्रिया करावी लागायची. पाणी धरून ठेवणारं दुसरं काहीतरी हवं होतं. ते प्रयोगशाळेच्या प्रत्येक खणात पडलेलं होतं : गाळणकागद. कागद म्हणजे सेल्युलोजचे धागे आणि ते हवेतलंही पाणी धरतात. १९४४ मध्ये कॉन्सडेन, गॉर्डन आणि मार्टिन यांनी बायोकेमिकल जर्नलमध्ये कागदावरची पद्धत मांडली. कागदाच्या वरच्या टोकाजवळ थेंब वाळवायचा, ते टोक द्रावकाच्या पन्हळीत बुडवायचं आणि कागद खाली लोंबता ठेवायचा. भोवतालची हवा द्रावकाच्या वाफेने भरलेली हवी, नाहीतर कागद मध्येच वाळतो. त्यासाठी त्यांनी वापरला सांडपाण्याचा पाईप. उभा करून, तळ आणि तोंड बंद केलेला. युद्धाच्या दिवसांत हेच हाताशी होतं आणि तेवढंच पुरेसं होतं. द्रावक पुरेसा उतरला की कागद वाळवायचा, त्यावर निनहायड्रिन फवारायचं आणि गरम करायचं. मग न दिसणारी अमिनो आम्लं जांभळ्या ठिपक्यांनी उमटायची.

आणि इथेच या पद्धतीला तो आकडा मिळाला. रोजच्या कागदावर द्रावक सारखंच अंतर जाणार नाही. आज वीस सेंटिमीटर गेला, उद्या पंचवीस. नुसतं ठिपक्याचं अंतर सांगून उपयोग नाही. म्हणून ठिपक्याचं अंतर द्रावकाच्या पुढच्या कडेच्या अंतराने भागायचं. रेल्वेच्या भाषेत, गाडी जिथवर पोचली त्याच्या किती हिस्सा प्रवास तुमचा झाला. त्यामुळे आरएफ शून्याच्या खाली जात नाही आणि एकाच्या वर जात नाही. ०.७० याचा अर्थ, ढोबळमानाने, रेणू दहातली सात मिनिटं वाहत्या द्रवात होता आणि तीन मिनिटं थांबला.

एवढं सांगून झाल्यावर आम्ही स्वयंपाकघरातच प्रयोग मांडला. गाळणकागदाची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी, खालच्या टोकापासून दोन सेंटिमीटरवर पेन्सिलने रेघ. पेन्सिलनेच, कारण बॉलपेनची रेघ द्रावकाप्रमाणे स्वतःच पसरू शकते आणि मग कोणता रंग शाईचा आणि कोणता रेघेचा हे कळत नाही. रेघेच्या मध्यावर काळ्या स्केचपेनने टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका, वाळू दिला, पुन्हा त्याच जागी, असं तीनदा. ग्लासात एक सेंटिमीटर पाणी. पट्टीचं टोक पाण्यात, पण ठिपका पाण्याच्या वर, आणि पट्टी ग्लासाच्या भिंतीला न टेकणारी. वर बशी झाकली.

पाणी चढलं. काळा ठिपका आधी फिसकटल्यासारखा झाला, मग वरून निळी कड बाहेर आली, तिच्याखाली गुलाबी आणि सर्वांत मागे पिवळा. पाणी वरच्या टोकाला पोचण्याआधी पट्टी काढली आणि पाण्याची कड दिसतेय तोवर तिथे पेन्सिलने खूण केली. हे लगेच करावं लागतं. कागद वाळला की कड नाहीशी होते आणि भागायला आकडाच उरत नाही. रेघेपासून कडेपर्यंत आठ सेंटिमीटर भरले. निळ्या ठिपक्याचा मध्य ७.२ वर, म्हणजे ०.९०. गुलाबी ५.६ वर, म्हणजे ०.७०. पिवळा ४.० वर, ०.५०. दुसरी पट्टी मुद्दाम लवकर काढली. पाणी सहा सेंटिमीटरच गेलं होतं. निळा ५.४, गुलाबी ४.१, पिवळा ३.१. अंतरं सगळी बदलली, पण भागाकार आला ०.९०, ०.६८ आणि ०.५२. दुसऱ्या दशांशातला हा फरक मोजपट्टीचा आणि ठिपक्याचा मध्य ठरवण्याचा असतो.

तिने पहिल्यांदा मोजलं तेव्हा निळा १.१५ आला होता. एकापेक्षा जास्त आला की काहीतरी चुकलंच, कारण गाडीच्या पुढे प्रवासी जाऊ शकत नाही. तिने रंगाचं अंतर कागदाच्या खालच्या टोकापासून घेतलं होतं आणि पाण्याचं रेघेपासून. दोन्ही अंतरं रेघेपासूनच मोजायची असतात. आणखी दोन गोष्टी तिला पट्टीवरच दाखवल्या. शाई जास्त झाली की ठिपका गोल राहत नाही, धूमकेतूसारखी शेपटी येते आणि मध्य कुठला हे ठरवता येत नाही. ठिपका पाण्यात बुडाला तर रंग कागदावर चढण्याऐवजी ग्लासात उतरतो आणि पाणीच रंगतं. मग बॉलपेनचा ठिपका पाण्यात लावून पाहिला तर तो जागचा हलला नाही. म्हणून त्याला शुद्ध म्हणायचं नाही. ती शाई पाण्यात विरघळतच नाही. तिथे स्पिरिट लागतं. आरएफ शून्य आला किंवा एक आला, तर त्या द्रावकाने अलगीकरण केलंच नाही असं समजायचं.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. मार्टिनच्या कागदावर धाग्यांनी धरलेलं पाणी हा फलाट होता आणि ब्युटॅनॉल किंवा फिनॉलसारखं द्रावक ही गाडी. आमच्या ग्लासात पाणीच गाडी होतं. रंग थांबत होते ते मुख्यतः धाग्यांना चिकटून. थांबण्याचं कारण वेगळं, हिशेब तोच.

लीड्सच्या कागदाने पुढच्या दहा वर्षांत काय केलं हे पाहिलं की थक्क व्हायला होतं. जवळजवळ सारखा आरएफ असलेली आम्लं एकमेकांवर बसत, म्हणून थेंब कागदाच्या कोपऱ्यात ठेवायचा, एका द्रावकात चालवायचा, वाळवून कागद काटकोनात फिरवायचा आणि दुसऱ्या द्रावकात चालवायचा. पहिल्यात एकत्र राहिलेले दुसऱ्यात फुटतात. फ्रेडरिक सँगरने इन्सुलिनचे तुकडे ओळखायला कागद वापरला आणि एका प्रथिनातला मण्यांचा क्रम माणसाला पहिल्यांदा कळला. मेल्विन कॅल्विनच्या गटाने किरणोत्सारी कार्बन दिलेल्या शेवाळाचा अर्क कागदावर चालवून प्रकाशसंश्लेषणातल्या पायऱ्या शोधल्या. एर्विन चारगाफने डीएनएचे चार घटक कागदावर वेगळे केले, प्रत्येक ठिपक्यातला पदार्थ धुऊन मोजला आणि त्याला दिसलं की ॲडेनिन जेवढं तेवढंच थायमिन, ग्वानिन जेवढं तेवढंच सायटोसिन. १९५३ च्या दुहेरी पिळात त्या जोड्या जागेवर बसल्या.

मोठी यंत्रं लागत नसल्यामुळे ही पद्धत आपल्याकडेही लगेच रुजली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. व्ही. गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल कागदावर भर दिला. गोल कागदाची कल्पना इंग्लंडमध्ये १९४८ मध्ये आली होती. गिरी आणि राव यांनी ती अमिनो आम्लं ओळखायला वापरून १९५२ मध्ये 'नेचर'मध्ये मांडली. द्रावक मध्यातून वातीने कागदात येतो आणि बाहेर पसरतो. पदार्थ ठिपक्यांऐवजी कमानींच्या रेषांत उमटतात. उंच पेटी लागत नाही, दोन झाकणांमध्ये कागद मावतो. सर्वांत मोठी सोय म्हणजे मध्याभोवती एकाच कागदावर अनोळखी नमुना आणि त्याच्या शेजारी ओळखीची आम्लं लावता येतात. मात्र गोल कागदावरचा आकडा पट्टीवरच्या आकड्याशी ताडून पाहायचा नाही. वर्तुळात बाहेर जाताना द्रव जास्त जागेत पसरतो, त्यामुळे तिथे त्याच पदार्थाचा आरएफ मोठा येतो.

शेजारी-शेजारी लावण्याची ही रीतच स्लाइडवरच्या '०.६५'चं उत्तर आहे. आरएफ हा शाईचा जन्मदाखला नव्हे. कागद बदलला, द्रावक बदलला, तापमान किंवा हवेतला ओलावा बदलला की तो सरकतो. आमच्याकडे जुलैत गाळणकागद हाताला दमट लागतो आणि जानेवारीत कोरडा, तेवढ्यानेही. दोन ठिपक्यांचा आरएफ एकच आला म्हणून पदार्थ एकच असंही सिद्ध होत नाही. आणि 'निळी शाई' नावाचा एक पदार्थ मुळात नसतोच. मुंबईत १९३१ मध्ये दांडेकरांनी शाईची पूड आणि गोळ्या बनवायला सुरुवात केली, पुढे त्याच घराण्याची कॅमलिन झाली. अशा प्रत्येक शाईवाल्याचं रंगांचं मिश्रण आपलं असतं. वेगळ्या कंपनीची काळी शाई लावून पाहिली तर रंग वेगळे निघतील आणि वेगळ्या उंचीवर थांबतील.

राहिला उलटा प्रश्न. मार्टिन आणि सिंज यांना १९५२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी मार्टिनने ए. टी. जेम्सबरोबर वाहणाऱ्या द्रवाच्या जागी वायू सोडून दाखवला. तो मार्ग १९४१ च्या लेखात सुचवून ठेवलेला होताच. आता लांब नळी होती आणि पदार्थ तिच्या दुसऱ्या टोकातून एकामागून एक बाहेर पडत होते. कागदावर आपण सगळ्यांना एकाच क्षणी थांबवतो आणि कोण कुठवर आला ते मोजतो. नळीत सगळ्यांना तेवढंच अंतर कापायला लावतो आणि कोण किती वाजता पोचला ते मोजतो. फलाटावर जास्त वेळ काढणारा पहिल्या हिशेबात कमी अंतरावर सापडतो, दुसऱ्या हिशेबात उशिरा येतो. म्हणून तोच रेणू, तीच सवय. कागदावर आकडा लहान, यंत्रावर मोठा.

ती थोडा वेळ दोन्ही पानं शेजारी ठेवून बघत बसली. मग तिने स्लाइडवरच्या '०.६५' वर आडवी रेघ मारली आणि बाजूला पेन्सिलने विचारलं, 'कोणतं पेन? कोणता कागद? कशात?' वाळलेल्या पट्ट्या वहीत चिकटवल्या, खाली तारीख लिहिली आणि दुसऱ्या दिवशी भावाच्या दप्तरातलं दुसऱ्या कंपनीचं काळं स्केचपेन घेऊन आली. या वेळी पट्टी रुंद कापली, रेघ एकच काढली आणि तिच्यावर दोन सेंटिमीटर अंतर ठेवून दोन ठिपके दिले.